वॅगन व्हीलचा फोटो कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या क्लब क्रिकेटचे सामने मी बरीच वर्षं स्कोअरर म्हणून लिहितो आहे. रविवारी सामना संपला की रात्री नऊच्या सुमारास फोन वाजायला लागतो. कुणीतरी लॅपटॉपच्या पडद्याचा, कुणी भिंतीवर चिकटवलेल्या कागदाचा फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, "काका, जरा बघा ना, पोरानं कुठे कुठे मारलंय?" प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

वॅगन व्हील म्हणजे नेमकं काय?

बैलगाडीच्या चाकाचे आरे जसे मधल्या तुंब्यातून बाहेर पसरतात, तशा फलंदाजाच्या पायापासून मैदानभर पसरलेल्या रेषा. एक रेषा म्हणजे धाव मिळालेला एक फटका. चेंडू जिथे अडवला गेला किंवा जिथे त्यानं सीमारेषा ओलांडली, तिथे रेषा संपते. अशा आकृत्यांचं श्रेय ऑस्ट्रेलियाचे स्कोअरर बिल फर्ग्युसन यांना दिलं जातं. आपल्या फर्ग्युसन रस्त्याशी त्यांचा काही संबंध नाही. तो रस्ता कॉलेजमुळे आणि कॉलेज मुंबईच्या गव्हर्नरमुळे, पण हा खुलासा मला दर वर्षी कुणाला तरी करावा लागतो.

फोटो आला की सगळ्यात आधी काय बघायचं?

रेषा बघायच्या नाहीत. फलंदाज कुठल्या टोकाला उभा आहे ते बघायचं. मधे खेळपट्टीचा लहानसा आयत काढलेला असतो आणि सगळ्या रेषा त्याच्या एकाच टोकातून निघतात. ते फलंदाजाचं टोक. ते वर असेल तर आपण गोलंदाजाच्या मागून बघतो आहोत, म्हणजे टीव्हीवर दिसतं तसं. ते खाली असेल तर आपण यष्टिरक्षकाच्या मागे उभे आहोत.

टोक वर असेल तर उजव्या फलंदाजाची ऑफ साइड कागदाच्या डाव्या हाताला येते आणि लेग साइड उजव्या हाताला. टोक खाली असेल तर ऑफ उजवीकडे. डावखुऱ्या फलंदाजासाठी दोन्ही उलट. एवढं ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक घोटाळे याच पायरीवर होतात आणि पुढचं सगळं वाचन बरोबर असूनही निष्कर्ष साफ चुकतो.

टोक चुकलं तर एवढं काय बिघडतं? डावी-उजवीच तर बदलते.

नाही, त्यात पुढचं-मागचंही बदलतं. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण सविस्तर सांगतो.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचा पंधरा वर्षांचा मुलगा क्लबच्या सामन्यात खेळला. उजव्या हाताचा फलंदाज, 71 चेंडूंत 58 धावा, सहा चौकार आणि एक षटकार. त्यांनी मला फोटो पाठवला आणि सोबत आनंदाचा संदेश: "पोरगा कट काय मारतो बघा! पॉइंटलाच 15 धावा." मला जरा नवल वाटलं, कारण हा मुलगा कट मारताना मी कधी पाहिला नव्हता.

फोटोत रेषांचा उगम आयताच्या वरच्या टोकाला होता. वडिलांनी मात्र गृहीत धरलं होतं की फलंदाज खाली उभा आहे, कारण घरच्या सोफ्यावर बसून आपण स्वतःला खालीच धरतो. त्यामुळे उजवीकडचा, जरा खालचा रेषांचा झुबका त्यांना पॉइंटचा वाटला. खरं तर तो मिडविकेटचा होता. अशा उलट वाचनात थर्ड मॅन आणि लाँग ऑन यांची अदलाबदल होते, तशीच पॉइंट आणि मिडविकेटची, कव्हर आणि स्क्वेअर लेगची, लाँग ऑफ आणि फाइन लेगची. म्हणजे पूर्ण आरसाही नाही, तर अख्खं चाक अर्धं फिरलेलं.

चूक पकडायची खूण फोटोतच होती. त्यांच्या वाचनाप्रमाणे षटकार थर्ड मॅनवरून गेला होता. असा षटकार मोठ्या क्रिकेटमध्ये जातोही, पण क्लबातला पंधरा वर्षांचा मुलगा ऑफस्पिनरला थर्ड मॅनवरून सहा मारेल, हे ऐकून कुणीही भुवई उंचावेल. चाक सरळ केलं की तोच षटकार लाँग ऑनला गेला आणि जगाची घडी पुन्हा नीट बसली. म्हणून मी सांगतो, फोटोतला सगळ्यात मोठा फटका आधी शोधा आणि तो वाचनात शोभतो का ते पाहा.

खेळपट्टीचा आयतच काढलेला नसेल तर?

काही आकृत्यांत नुसतं वर्तुळ असतं आणि रेषा बरोबर मध्यबिंदूतून निघतात. तिथे क्षेत्रांची नावं लिहिली असतील तर ती वाचा. फोटो कापताना नावंही कापली गेली असतील, तर एखादा पक्का आठवणारा फटका खुंटीसारखा वापरा. "पहिला चौकार कव्हरमधून होता" हे मुलाला हमखास आठवतं. तो चौकार कागदावर कुठे बसतो ते एकदा कळलं की बाकीचं चाक आपोआप जागेवर येतं. एका फटक्यावर भागत नसेल तर दोन घ्या, एक ऑफचा आणि एक लेगचा.

अशा मध्यबिंदूच्या आकृतीत लांबीवर फार भरवसा ठेवू नका. खेळपट्टी 20.12 मीटर लांब, म्हणजे फलंदाज मैदानाच्या मध्यापासून सुमारे दहा मीटर मागे असतो. मध्यापासून सीमारेषा 65 मीटरवर असेल तर फलंदाजाला समोर सरळ 75 मीटर पार करावे लागतात आणि यष्टिरक्षकामागे फक्त 55. रेषा मध्यातून काढल्या की हा वीस मीटरचा फरक दिसेनासा होतो.

आरशातला फोटो ओळखायचा कसा?

अक्षरं वाचून. पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काही फोन उलटा साठवतात. धावफलकाचे आकडे उलटे दिसले तर फोटो एकदा आडवा पलटवून घ्या, मग बाकीचं.

रंगांचा अर्थ काय? लाल म्हणजे षटकारच ना?

असा नियम कुठे नाही. प्रत्येक वाहिनी आणि प्रत्येक अ‍ॅप आपापले रंग ठरवतं, म्हणून कोपऱ्यातली रंगांची सूची फोटोत यायलाच हवी. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरी रेषा पिवळी दिसते आणि नारिंगी लाल होते, तेव्हा सूची फोटोत असली तरी तिच्याशी ताडूनच बघायचं.

सूची नसेल तर लोक लांबीवरून धावा ठरवायला जातात आणि फसतात. सीमारेषेबाहेर गेलेली रेषा षटकाराची, एवढं खरं. पण डीप कव्हरला उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाकडे गेलेली एकेरी धाव आणि चौकार यांच्या रेषा फोटोत जवळपास सारख्याच लांब असतात, कारण तो माणूस दोरीपासून दोन पावलांवर उभा असतो. लांबी सांगते चेंडू किती दूर गेला. धावा किती झाल्या हे रंग सांगतो. दोन्हींत गोंधळ झाला तर पुढच्या प्रश्नातली मोजणी करा.

मी रेषा मोजल्या, पण बेरीज धावफलकाशी जुळत नाही.

पहिल्या मोजणीत ती सहसा जुळत नाहीच, आणि नेमकी किती कमी पडते हे बघण्यातच सगळी गंमत आहे.

आधी धावफलकावरून काय दिसायला हवं ते ठरवा. गहुंजेच्या मैदानावर 15 जानेवारी 2017 ला इंग्लंडविरुद्ध केदार जाधवनं 76 चेंडूंत 120 धावा केल्या, त्यात 12 चौकार आणि 4 षटकार होते. म्हणजे चौकारांचे 48, षटकारांचे 24, मिळून 72, आणि उरलेल्या 48 धावा पळून. त्या डावाचा फोटो आला तर मी आधी सोळा लांब रेषा शोधीन. चौदाच सापडल्या तर दोन कुठेतरी लपल्या आहेत, हे मला वाचन सुरू करायच्या आधीच माहीत असेल.

आता आपल्या मुलाचा डाव घेऊ. सहा चौकारांचे 24 आणि एक षटकार, मिळून 30. उरलेल्या 28 धावा पळून, आणि वहीप्रमाणे त्यांत अठरा एकेरी आणि पाच दुहेरी होत्या. एकूण तीस रेषा. फोटोत मला दिसले पाच चौकार, एक षटकार, सोळा एकेरी, पाच दुहेरी. बेरीज 52. सहा धावा कमी, म्हणजे एक चौकार आणि दोन एकेरी गायब.

फोटो मोठा करून पाहिला. मिडविकेटची चौकाराची एक रेषा शेजारच्या रेषांपेक्षा स्पष्टपणे जाड होती आणि दोरीजवळ तिचं टोक किंचित दुभंगलं होतं. एकाच जागी गेलेले दोन चौकार. थर्ड मॅनला दोन एकेरी रेषा दिसत होत्या, पण बारीक पांढऱ्या रेषा फोटो पाठवताना दाबल्या जातात आणि पार्श्वभूमीत विरघळतात. मूळ प्रत मागवली तेव्हा तिथे चार निघाल्या. बेरीज 58.

रेषा कमी असण्याचं आणखी एक कारण असतं आणि ते कितीही मोठं करून पाहिलं तरी दिसत नाही. अ‍ॅपवर स्कोअर लिहिताना प्रत्येक धावेनंतर चेंडू कुठे गेला ते बोटानं दाखवावं लागतं. घाईत असलेला स्कोअरर चौकार-षटकार दाखवतो आणि एकेरी धावा सोडून देतो. मीही सोडल्या आहेत, विशेषतः समोर वडापावाची पुडी उघडी असताना. सगळे चौकार जागेवर आणि एकेरी मोजक्याच, असं चित्र दिसलं तर समजा की रेषा लपलेल्या नाहीत, काढलेल्याच नाहीत. अशा आकृतीवरून "हा सिंगल घेत नाही" असं म्हणू नका.

बाय आणि लेगबाय फलंदाजाच्या खात्यात नसतात, त्यामुळे ते इथे शोधायचे नाहीत. ओव्हरथ्रोच्या धावा मात्र असतात, आणि मग एखादी आखूड रेषा पाच धावांची निघते.

फोटो तिरका आहे. चालेल का?

थोडा चालेल, फार नाही. वर्तुळ अंडाकृती दिसतंय का बघा आणि पट्टीनं मोजा. समजा पडद्याच्या बाजूला उभं राहून फोटो काढला आणि वर्तुळ दहा सेंटिमीटर उंच पण सातच रुंद आलं. मग सगळ्या रेषा उभ्या दिशेकडे झुकलेल्या दिसतात. जी रेषा फोटोत उभ्या रेषेपासून 35 अंशांवर दिसते, ती खरं तर 45 अंशांवर असते. दहा अंश म्हणजे एक्स्ट्रा कव्हरचा फटका लाँग ऑफकडे सरकायला पुरेसा.

उपाय सोपा आहे. फोनमध्ये कागद स्कॅन करायची सोय असते, तिच्यात चार कोपरे ओढून फोटो सरळ करता येतो. वर्तुळ परत गोल झालं की थांबा. टीव्हीवरच्या आकृतीत मात्र मैदान मुद्दाम कललेलं दाखवतात. तिथे अंडाकृती म्हणजे फोटोचा दोष नव्हे, आणि तिथे अंश मोजत बसूही नका. कुठल्या क्षेत्रात रेषा आहे तेवढं पुरे.

मग धावा आल्या कुठून? हिशोब कसा मांडायचा?

उगमबिंदूपासून आठ फाका करा आणि प्रत्येकीतल्या धावा लिहा. रेषांची संख्या नव्हे, धावा. या मुलाच्या डावात थर्ड मॅनला 8, पॉइंटला 2, कव्हरला 9 आणि लाँग ऑफला 4 धावा निघाल्या, म्हणजे ऑफ साइडला 23. लेग साइडला लाँग ऑन 8, मिडविकेट 19, स्क्वेअर लेग 6, फाइन लेग 2, म्हणजे 35. शंभरातल्या साठ धावा लेगला आणि एकट्या मिडविकेटला जवळजवळ एक तृतीयांश.

वडील ज्या पॉइंटवर खूश होते, तिथे अख्ख्या डावात दोन एकेरी धावा होत्या.

मग रेषांची संख्याही एकदा बघा, कारण ती वेगळं काहीतरी सांगते. लाँग ऑनच्या आठ धावा तीन फटक्यांत आल्या, त्यातला एक षटकार. थर्ड मॅनच्या आठ धावांना पाच फटके लागले. पहिल्या ठिकाणी त्यानं एकदा जोरात हात फिरवला, दुसऱ्या ठिकाणी तो पुन्हा पुन्हा गेला. बेरीज सारखी म्हणून सवय सारखी नसते.

म्हणजे हा मुलगा लेग साइडचाच खेळाडू, असं म्हणायचं?

इतक्यात नाही. आकृतीत चेंडू कुठे गेला ते आहे, तो कसा आला ते नाही. वहीत पाहिलं तर त्यानं खेळलेल्या 71 पैकी 40 चेंडू दोन ऑफस्पिनरांचे होते. ऑफस्पिन उजव्या फलंदाजाच्या आत वळतो, आणि वळणाबरोबर खेळलेला फटका मिडविकेटलाच जातो. समोर डावखुरे फिरकीपटू असते तर याच मुलाचं चाक कदाचित कव्हरकडे झुकलं असतं. दोन डावांची तुलना करायची तर आधी गोलंदाज कोण होते ते विचारा.

आमच्या मैदानाची एक बाजू अगदी आखूड आहे. फोटोत ते दिसेल का?

दिसणार नाही, आणि हा मुद्दा प्रशिक्षकांच्याही ध्यानात राहत नाही. षटक बदललं की टोक बदलतं. मैदानावर एका टोकाकडून खेळताना भिंतीची आखूड बाजू उजव्या फलंदाजाच्या लेगला येते, दुसऱ्या टोकाकडून तीच बाजू ऑफला. आकृतीत मात्र दोन्ही टोकांचे फटके एकाच टोकावर आणून बसवलेले असतात. म्हणजे कागदाची उजवी बाजू म्हणजे मैदानाची कुठलीच एक बाजू नव्हे.

या मुलाचे मिडविकेटचे तीन चौकार भिंतीकडे गेले की मोकळ्या बाजूला, हे फोटोवरून कळणं शक्य नव्हतं. वहीत षटकं आणि टोकं बघितली तेव्हा तिन्ही चौकार एकाच टोकाकडून निघाले, आणि त्या टोकाकडून भिंत लेगलाच होती. त्यामुळे 19 या आकड्याचं मला वाटणारं कौतुक जरा उतरलं. मोठ्या मैदानावर त्यातले एक-दोन फटके दोन-दोन धावांचे झाले असते.

थर्ड मॅनचा चौकार लेट कट होता की बॅटची कड?

आकृतीला दोन्ही सारखेच. रेषा सरळ असते, चेंडू हवेत होता की जमिनीवर तेही ती दाखवत नाही, आणि स्लिपच्या हातून निसटलेला झेलही तिच्यात सुंदर चौकार होऊन बसतो. मी मुलालाच विचारलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, चौकार कडेचा होता. सिंगल मात्र मुद्दाम ढकलल्या." ही नोंद मी फोटोच्या खाली पेननं लिहून ठेवली.

जे चेंडू त्यानं नुसते अडवले ते कुठे दिसतात?

बहुतेक आकृत्यांत कुठेच नाही. 71 चेंडूंतून तीस रेषा, म्हणजे 41 चेंडूंवर धाव नाही आणि त्यांचा कागदावर मागमूसही नाही. पॉइंटला दोनच धावा आहेत, याचा अर्थ तो तिकडे खेळलाच नाही असा होत नाही. तिथे चपळ क्षेत्ररक्षक असेल आणि दहा फटके त्यानं अडवले असतील, तरी चाक असंच दिसेल. कुठल्या चेंडूवर बाद झाला तेही बऱ्याचदा नसतं. त्यासाठी चेंडूवार नोंद लागते.

फोटो कसा काढून पाठवू, म्हणजे तुम्ही चिडणार नाही?

चिडत नाही, विचारतो. फोन पडद्याला समांतर धरा, खोलीतला दिवा मागे असेल तर बंद करा, नाहीतर नेमकी मिडविकेटवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी येते. लॅपटॉपच्या पडद्यावर लहरी दिसत असतील तर दोन हात मागे सरकून झूम करा. रंगांची सूची आणि नावासह धावसंख्या चौकटीत घ्या. पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारीक रेषा शाबूत राहतात. अ‍ॅप तुमच्याच फोनमध्ये असेल तर पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, कॅमेऱ्याची भानगडच नको. आणि सोबत एक ओळ लिहा: मुलगा उजव्या हाताचा की डाव्या.